‘बरे झाले’ हे कोणी म्हणायचे?



दशक्रियेच्या प्रवचनाला जो उभा राहतो, त्याला एक प्रश्न चुकवता येत नाही. नदीकाठी पिंड ठेवलेले असतात, समोर घरची माणसे बसलेली असतात, आणि कोणी तोंडाने विचारले नाही तरी प्रत्येकाच्या डोळ्यांत तोच प्रश्न असतो : देवाने असे का केले? आमच्यापैकी पुष्कळ जण त्यावर ठरलेले उत्तर देतात. “कारणाशिवाय काही घडत नाही. तेव्हा जे झाले त्यालाही कारण असणार. आणि देव करतो ते बऱ्यासाठीच करतो.” ही तीन वाक्ये एका दमात म्हटली जातात. ऐकणाऱ्याला वाटते की तिसरे वाक्य पहिल्यातूनच निघाले. माझे म्हणणे असे की ते निघत नाही; आणि ते निघाल्यासारखे दाखवून शोकात बसलेल्या माणसाला गप्प करणे हा वारकऱ्याचा धर्म नाही.

कोणी म्हणेल, एवढे शास्त्र कशाला? लोकांना धीर देण्यापुरते बोललेले वाक्य आहे. पण याच तीन वाक्यांचा पक्का सिद्धांत एका फार मोठ्या बुद्धीच्या माणसाने युरोपात बांधून ठेवला आहे. पूर्वपक्ष मांडायचा तर सर्वांत बळकट मांडावा, अशी आपली जुनी शिकवण आहे. म्हणून त्याचाच मांडतो.

त्याचे नाव लायब्निझ. जन्म १६४६, जर्मनीतल्या लाइपझिग गावी. मृत्यू १७१६, हॅनोव्हरला. मोठा गणिती, कायद्याचा जाणकार आणि राजदरबारचा सल्लागार. त्याचे मूळ तत्त्व साधे आहे : जे काही आहे, ते तसेच का आणि वेगळे का नाही, याला पुरेसे कारण असलेच पाहिजे, मग ते आपल्याला कळो वा न कळो. त्याने तराजूचे उदाहरण दिले. दोन्ही पारड्यांत सारखे वजन असेल तर तराजू स्थिर राहतो, कारण एकच पारडे खाली जायला काही कारण नसते. इथवर तुमचे-माझे त्याच्याशी भांडण नाही. बाजारातला कोणताही व्यापारी हे मान्य करील.

पुढची पायरी पोथीच्या उदाहरणाने समजते, आणि हे उदाहरणही त्याचेच आहे. भूमितीचे एक पुस्तक घ्या. ते आधीच्या प्रतीवरून उतरवले, ती प्रत तिच्या आधीच्या प्रतीवरून, असे अनादि काळापासून चालत आले समजा. प्रत्येक प्रतीचे कारण मागच्या प्रतीत सापडले. पण मुळात असे पुस्तक का आहे आणि त्यात हाच मजकूर का आहे, याचे उत्तर त्या रांगेत कितीही मागे गेलात तरी सापडणार नाही. जगाचेही तसेच. आजच्या स्थितीचे कारण कालच्या स्थितीत आहे, कालच्याचे परवाच्यात. सगळी रांगच का आहे, हे सांगायला रांगेबाहेरचे काही लागते. ते म्हणजे ईश्वर.

मग तो म्हणतो : ईश्वराच्या ज्ञानात असंख्य शक्य जगे होती. त्यांतले हेच एक त्याने निर्माण केले. हेच का? त्याच्या निवडीलाही पुरेसे कारण पाहिजे. तो सर्वज्ञ, सर्वसमर्थ आणि परमदयाळू. अशाला निवडीचे कारण एकच असू शकते, की हे जग सर्वांत चांगले होते. म्हणून आपले जग हे सर्व शक्य जगांतले सर्वोत्तम जग आहे. १७१० साली फ्रेंच भाषेत छापलेल्या ‘थिओडिसी’ या ग्रंथात त्याने हे सविस्तर मांडले. ते नावही त्यानेच ग्रीक भाषेतल्या ‘देव’ आणि ‘न्याय’ या शब्दांवरून घडवले.

हा ग्रंथ हवेतून आला नाही. पिअर बेल नावाचा फ्रेंच विद्वान धर्मछळामुळे हॉलंडात येऊन राहिला होता. त्याच्या भावाला त्याच छळात तुरुंगात टाकले आणि तो १६८५ साली तिथेच मेला. या बेलने १६९७च्या आपल्या मोठ्या कोशात लिहिले की जगातले दुःख आणि देवाचे दयाळूपण यांचा मेळ बुद्धीने बसत नाही. श्रद्धा ठेवायची तर बुद्धीच्या आधाराशिवाय ठेवावी लागेल. प्रशियाची राणी सोफी शार्लोट हे वाचून लायब्निझला शंका विचारी. त्या चर्चांतून ग्रंथ उभा राहिला. म्हणजे प्रश्न एका भाऊ गमावलेल्या माणसाचा होता आणि उत्तर दरबारातून आले. तेवढ्याने उत्तर खोटे ठरत नाही, हेही मी मान्य करतो. उत्तराची परीक्षा उत्तरावरच केली पाहिजे.

पहिला दोष शब्दातच आहे. ‘कारण’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. “भिंत पडण्याचे कारण पाऊस” इथे तो हेतूबद्दल काही सांगत नाही. काय घडल्याने काय घडले एवढेच सांगतो. “मी पंढरीला जाण्याचे कारण दर्शन” इथे मात्र कारण म्हणजे प्रयोजन, मनातला उद्देश. तराजूतले आणि प्रतींच्या रांगेतले कारण पहिल्या जातीचे. सर्वोत्तम जगापर्यंत पोहोचवणारे कारण दुसऱ्या जातीचे. सर्व गोष्टींना निमित्त असते हे मान्य करून घेतले आणि सर्व गोष्टींना चांगले प्रयोजन असते हे पदरात घातले. मधला सांधा एकच : ईश्वर हा निवड करणारा आहे आणि तो हेतूशिवाय निवडत नाही, हे गृहीत. याच गृहीतावर आपल्या शास्त्रात फार जुना विचार झाला आहे, त्याकडे येतो.

दुसरा दोष असा की ‘सर्वोत्तम’ असे काही असतेच हे कशावरून? सर्वांत मोठी संख्या कोणती, असे विचारले तर शाळेतले पोरही हसेल. कोणतीही सांगा, तीत एक मिळवता येतो. तसेच कोणत्याही जगात आणखी एक सुखी जीव घालता येत असेल, तर शेवटचे, सर्वांत चांगले जग उरतच नाही. गंमत अशी की ही युक्ती लायब्निझला चांगली ठाऊक होती. १६८४ साली त्यानेच लिहिले की ‘सर्वांत वेगवान गती’ ही कल्पना फसवी आहे : एखादे चाक सर्वांत अधिक वेगाने फिरते आहे समजा, त्याचा एक आरा धावेबाहेर लांब केला तर त्या आऱ्याचे टोक धावेपेक्षा वेगाने फिरेल. म्हणजे ‘सर्वांत’ हा शब्द जोडला म्हणून तशी वस्तू असतेच असे नाही. मग जगाच्या बाबतीत काय? तिथे त्याचे उत्तर असे की सर्वोत्तम जग नसते तर देवाने कोणतेच जग केले नसते. ज्या अर्थी जग आहे, त्या अर्थी सर्वोत्तम आहेच. वाचकहो, हे उत्तर पुन्हा वाचा. जे सिद्ध करायचे तेच आधाराला घेतले आहे. देव सर्वोत्तमाखेरीज काही करीत नाही हे आधी धरले, आणि जग समोर दिसते म्हणून ते सर्वोत्तम ठरवले. अशा सिद्धांताला जगात काहीही घडले तरी धक्का लागत नाही. आणि ज्याला कशानेच धक्का लागत नाही, त्याने शोक करणाऱ्याला जगाविषयी नवे असे काहीच सांगितलेले नसते.

आता त्याच्याच ग्रंथाच्या शेवटी दिलेली कथा घ्या, म्हणजे सिद्धांत माणसावर येतो तेव्हा काय होते ते दिसेल.

रोमच्या राजाचा मुलगा सेक्स्टस. याने आपल्या नात्यातल्या एकाच्या पत्नीवर, लुक्रेशियावर, बलात्कार केला. तिने घरच्यांना बोलावून सर्व सांगितले आणि स्वतःला सुरा मारून घेतला. त्या संतापातून राजघराणे हाकलले गेले आणि रोममध्ये राजाविना राज्य सुरू झाले, असा जुना रोमी इतिहास आहे. लायब्निझ सांगतो की देवाचा थिओडोरस नावाचा पुजारी अथेन्सला देवीच्या देवळात झोपतो आणि स्वप्नात देवी त्याला एक प्रचंड वाडा दाखवते. वाड्याचा आकार पिरॅमिडसारखा. प्रत्येक दालनात एक शक्य जग. एका दालनातला सेक्स्टस रोमला जातच नाही. कॉरिंथ शहरी एक बाग विकत घेतो, तिथे त्याला धन सापडते, आणि सर्वांचा आवडता होऊन म्हातारपणी मरतो. दुसऱ्या दालनातला सेक्स्टस थ्रेस देशी जातो, राजकन्येशी लग्न करून राजा होतो, प्रजा त्याला पूजते. दालने खाली खाली अनंत आहेत. वाड्याला पाया नाही, पण शिखर आहे. शिखरावरचे दालन इतके सुंदर की पुजारी भान हरपतो. ते आपले खरे जग. तिथला सेक्स्टस रोमला जातो आणि ते पाप करतो. देवी समजावते : याच्या अपराधातून रोम मुक्त होईल, मोठे साम्राज्य उभे राहील, त्यातून जगाला थोर उदाहरणे मिळतील. पुजारी समाधानाने जागा होतो.

या सगळ्या वाड्यात लुक्रेशिया कुठे आहे? तिच्या नावाचे दालन नाही. ‘मित्राची बायको’ एवढ्या दोन शब्दांत ती येते आणि जाते. पुजाऱ्याला प्रश्न पडला तो सेक्स्टसचा : देवाने त्याला दुष्ट का होऊ दिले? ज्या बाईचे आयुष्य त्या ‘सर्वोत्तम’ जगाची किंमत म्हणून दिले गेले, तिला कोणी विचारले नाही, आणि वाचकालाही ती आठवू नये अशी कथेची रचना आहे. ज्या दालनात सेक्स्टस बागेत रमला, त्या दालनात ती आपल्या घरी सूत कातत म्हातारी झाली असती. त्या दालनाला ‘खालचे’ कोणी ठरवले? ज्याला साम्राज्य मिळाले त्याने.

सर्वोत्तम जगाचा सिद्धांत कुठे कमी पडतो ते इथे उघडे होते. हिशेब पूर्णाचा मांडायचा आणि दुःख मात्र एकेकाने भोगायचे. लायब्निझ प्रामाणिक होता. त्याने हे लपवले नाही. हे जग प्रत्येक जिवासाठी सर्वोत्तम आहे असे तो म्हणतच नाही. सगळे मिळून सर्वोत्तम, असे म्हणतो. देवाला सिंहापेक्षा माणूस प्रिय असेल, पण सिंहांच्या अख्ख्या जातीपेक्षा एक माणूस प्रिय असेलच असे खात्रीने सांगता येत नाही, असेही त्याने लिहिले आहे. तेव्हा नदीकाठी उभे राहून “बाई, यात तुझे भलेच आहे” असे जो म्हणतो, त्याला लायब्निझचाही आधार नाही. लायब्निझला फार तर असे म्हणता येईल : “बाई, यात तुझे भले नसेलही, पण विश्वाच्या एकूण बेरजेत तुझे मूल जाणे बसते.” हे वाक्य कोणत्या प्रवचनकाराची जीभ उच्चारील? आणि उच्चारवत नसेल तर त्याचा गोड केलेला अवतार का उच्चारावा?

आता आपल्या शास्त्राकडे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात, हाच प्रश्न पूर्वपक्ष म्हणून आला आहे. कोणतेही काम प्रयोजनाशिवाय होत नाही. ईश्वर तर पूर्णकाम, त्याला काही मिळवायचे नाही. मग तो जग का निर्माण करील? लायब्निझच्या तत्त्वाचाच हा धागा. सूत्रकारांनी यावर एखादे मोठे प्रयोजन शोधून दिले नाही. त्यांनी उत्तर दिले : लीला. शंकराचार्यांनी भाष्यात दाखला दिला तो सर्व काही मिळालेल्या राजाच्या खेळाचा, आणि दुसरा श्वासाचा. श्वास आपण काही साधायचे म्हणून घेत नाही. तो स्वभावाने चालतो. म्हणजे ‘कर्त्याला प्रयोजन असलेच पाहिजे’ ही लायब्निझची तुळईच इथे काढून घेतली आहे. ज्ञानोबारायांच्या अमृतानुभवातला चिद्विलास याच वाटेवरचा. हे जग स्फुरण आहे. अनेक मालांतून पारखून घेतलेला सर्वोत्तम माल नाही.

तुम्ही म्हणाल, लीला म्हटले तर देव आमच्या दुःखाशी खेळतो असे होईल. ही शंका रास्त आहे, आणि सूत्रकारांनी ती लगेच पुढच्याच सूत्रात घेतली आहे : मग देवाकडे पक्षपात आणि निर्दयता आली. तिथे ते जीवांच्या कर्माकडे बोट दाखवतात. या उत्तराने शंका पूर्ण मिटते असे मी म्हणत नाही. कर्माची रांग अनादि म्हटली की पोथीच्या प्रतींची रांग पुन्हा समोर उभी राहते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, सूत्रकार देवाचा दोष काढतात, तरी जगाला सर्वोत्तम कुठेही म्हणत नाहीत. दोन, कर्माचा सिद्धांत सामान्य आहे. अमुक बाईचे मूल तिच्या अमुक कर्मामुळे गेले, हे जाणण्याचे साधन कोणाही प्रवचनकाराजवळ नाही. जो तसे सांगतो तो तिच्या दुःखावर अपराधाचे ओझे ठेवतो.

मग ‘कारण शोधा’ हे तत्त्व टाकून द्यायचे का? मुळीच नाही. त्याचा पहिला अर्थ सोन्यासारखा आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालच्या लिस्बन शहरात भूकंप झाला. देवळे भरलेली होती. आधी छपरे कोसळली, मग समुद्र आत आला, मग अनेक दिवस आग चालली. हजारो माणसे मेली. व्होल्तेरने त्यावर कविता लिहिली आणि १७५९ साली ‘कांदीद’ या गोष्टीत सर्वोत्तम जगाची भरपूर थट्टा केली. थट्टेने सिद्धांत खोडला जात नाही. माझ्या मते मोलाचे बोलला तो रूसो. त्याने व्होल्तेरला पत्रात लिहिले की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे एके ठिकाणी निसर्गाने दाटून बांधली नव्हती. त्या वेळचे मंत्री पोंबाल यांच्या देखरेखीखाली शहर पुन्हा बांधताना भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालण्याची पद्धत आली. तो हलतो, पण भिंत माणसावर येऊ देत नाही.

आपल्याकडे किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे गणपती बोळवून निजलेली गावे गेली. तिथेही चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीच्या थराचे जड माळवद अंगावर आले. “का झाले?” याचे हे उत्तर पुढच्या पिढीला वाचवते. “बऱ्यासाठी झाले” हे उत्तर भिंत होती तशीच ठेवते. कोणत्या अर्थाने कारण विचारले जात आहे हे ओळखण्याची खूण हीच : खऱ्या कारणातून पुढचे काही काम निघते, गोड प्रयोजनातून फक्त तोंड बंद होते.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो घरचाच आहे. तुम्ही म्हणाल, तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याला आणि दुष्काळाला ‘बरे झाले’ म्हटले की नाही? म्हटले. त्या दुष्काळात घरची माणसे अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि तरी ते देवाला असे म्हणाले. पण कोण म्हणाले, कोणाला आणि कशाबद्दल, हे पाहा. ज्याचे गेले तो म्हणाला. देवाला म्हणाला. स्वतःबद्दल म्हणाला. सर्व जगाचा हिशेब त्यांनी मांडला नाही, शेजाऱ्याच्या दाराशी जाऊन ‘तुझेही बरे झाले’ असे सांगितले नाही. आणि याच तुकोबांनी देवाशी भांडण केले, त्याला निष्ठुर म्हटले, उत्तर मागितले. जग सर्वोत्तमच आहे असे ज्याने ठरवून टाकले, त्याला देवाशी भांडायला जागाच उरत नाही. आपल्या संतांनी ती जागा मोकळी ठेवली.

‘बरे झाले’ ही साक्ष आहे. साक्ष ज्याची त्यानेच द्यायची असते. दुसऱ्याने दिली की ती ऐकीव होते. लुक्रेशियाच्या वतीने ती देवीला देता येत नाही, लिस्बनच्या वतीने लायब्निझच्या शिष्यांना देता येत नाही, आणि समोर बसलेल्या आईच्या वतीने तुम्हा-आम्हाला देता येत नाही. ती आई दहा वर्षांनी म्हणेल किंवा कधीच म्हणणार नाही. दोन्हीचा अधिकार तिचा.

तेव्हा माझ्या तरुण प्रवचनकारांना एवढेच सांगणे. दहाव्याला उभे राहाल तेव्हा मृत्यू कशाने आला हे ठाऊक असेल आणि त्यातून घरच्यांना पुढे सावध होता येत असेल, तर स्पष्ट सांगा : विहिरीला कठडा बांधा, ताप अंगावर काढू नका. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याचे चार गुण सांगा. मग नामस्मरण करा आणि खाली बसा. देवाने का केले याचे उत्तर तुमच्याकडून कोणी घेऊ पाहील, तर “मला ठाऊक नाही” हे खरे उत्तर आहे, आणि ते म्हणताना वीणा खाली ठेवावी लागत नाही.